कवळी टोचते, घसा दुखतो

नवी कवळी पहिले काही दिवस हिरडीला थोडी टोचतेच. पण गिळताना घसा एका बाजूनं दुखत असेल, तर खालच्या कवळीची जिभेकडची मागची कड लांब राहिलेली असू शकते. वरच्या कवळीची कड मागे लांब असली, तर उमासे येतात. घरी कानशीनं घासू नका, कवळी सैल होते. तपासणीच्या आदल्या दिवशी सोसवेल तेवढा वेळ ती घाला. जिथे टोचते तिथे लाल डाग उमटतो आणि डॉक्टर कवळीची नेमकी तेवढीच जागा घासतात. त्यासाठी अमरावती आणि अकोल्यात दंत महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. कवळी काढून ठेवूनही दोन आठवड्यांत जखम भरली नाही, तर लगेच दाखवा. आपल्याकडे खर्रा खाणारे पुष्कळ. त्यांच्या तोंडातली अशी जखम कर्करोगाची असू शकते.