घरची खाट आणि विम्याचे कलम



आपल्या मुळशी तालुक्यात एका टोकाला हिंजवडीच्या कंपन्या आहेत, दुसऱ्या टोकाला ताम्हिणीकडची गावं. मुलगा हिंजवडीत नोकरीला आणि आई-वडील गावी, अशी घरं इथे पुष्कळ. मुलाच्या पॉलिसीत आईचं नाव असतं. प्रश्न असा की, आईवर घरीच सलाईन, ऑक्सिजन, इंजेक्शनं असे उपचार झाले, तर कंपनी ते ‘अ‍ॅडमिट होणं’ धरते का?

धरते, पण दोन वेगळ्या कलमांनी. लोक ही कलमं एकच समजतात आणि क्लेम तिथेच अडतो.

पहिलं कलम जुनं, ‘डोमिसिलियरी हॉस्पिटलायझेशन’. एरवी ज्या आजाराला रुग्णालयातच ठेवावं लागलं असतं, त्याचे उपचार घरी झाले तर ते मान्य. पण कारणं दोनच. रुग्णाला हलवण्यासारखी त्याची प्रकृती नाही, किंवा रुग्णालयात जागा नाही. ‘आईला घरीच बरं वाटतं’ हे कारण त्यात बसत नाही. बहुतेक पॉलिसींत उपचार तीन दिवसांपेक्षा जास्त चालावे लागतात, आणि दमा, मधुमेह, रक्तदाब, जुलाब, फ्लू असे आजार वगळलेले असतात.

आता आपल्याकडचा पेच पाहा. पावसाळ्यात दरड कोसळून रस्ता बंद होतो. रुग्ण हलवता येण्यासारखा आहे, पुण्यात खाटही रिकामी आहे, फक्त वाट नाही. कलमाचा शब्दशः अर्थ घेतला तर हे कारण दोन्हींत बसत नाही. अशा वेळी डॉक्टरांनी रुग्णाला तपासून, या प्रकृतीत लांबच्या वळशाचा प्रवास धोक्याचा आहे असं त्यांचं खरोखर मत असेल, तर ते त्याच दिवशी, वेळेसकट केसपेपरवर लिहावं. नुसतं ‘रस्ता बंद होता’ असं आपण नंतर लिहून दिलं, तर त्याला फारसं वजन राहत नाही.

दुसरं कलम ‘होम केअर ट्रीटमेंट’. ते सर्वांच्या ओळखीचं झालं २०२० च्या जुलैत, कोरोना कवच पॉलिसीमुळे. विमा नियामक प्राधिकरणाने तिचा नमुना ठरवून दिला होता. तिथे खाट न मिळाल्याचा पुरावा लागत नव्हता. डॉक्टरांनी घरी उपचार सुचवणं पुरे होतं. मात्र अटी कडक होत्या. अधिकृत केंद्राचा पॉझिटिव्ह रिपोर्ट हवा, डॉक्टरांची रोज देखरेख हवी, आणि दिलेल्या उपचारांचा रोजचा तक्ता त्यांच्या सहीनिशी हवा. मर्यादा चौदा दिवसांची.

एक कल्पित उदाहरण मांडतो. एप्रिल २०२१, पुण्यात खाटांची ओढाताण. पौडपलीकडच्या गावातल्या एका आजींवर कोरोना कवचाखाली आठ दिवस घरी उपचार झाले. तपासण्या आणि औषधं १४ हजार, डॉक्टर ८ हजार, नर्सचे रोज दोन हजार म्हणजे १६ हजार, ऑक्सिजन सिलिंडर ६ हजार. हे ४४ हजार कलमात बसतात. आजींचं जेवणखाण आणि अंघोळ पाहायला ठेवलेल्या मावशींचे पैसे बसत नाहीत, कारण ती शुश्रूषा नव्हे, सोबत.

आता याच आजींचा तक्ता आठव्या दिवशी एका बैठकीत, एकाच पेनाने भरला आणि शेवटी एकच सही केली, असं समजा. तपासणारा लगेच ओळखतो. तिसऱ्या दिवसाच्या इंजेक्शनचं बिल पाचव्या दिवसाचं निघतं, ऑक्सिजनची पातळी रोज तीच दिसते, नर्सच्या पावतीवर नोंदणी क्रमांक नसतो. उपचार खरे असूनही क्लेम पडतो. आणखी एक प्रश्न विचारला जातो: नुसत्या गोळ्याच चालू असतील, तर रुग्णालयाची गरज होती कुठे?

आज बऱ्याच नव्या पॉलिसींत होम केअर इतर आजारांसाठीही असतं. पण काही कंपन्या ते ठरावीक आजारांपुरतं किंवा त्यांनी नेमलेल्या सेवेमार्फतच देतात. म्हणून उपचार सुरू होतानाच कंपनीला किंवा टीपीएला कळवा आणि मंजुरीचं उत्तर लेखी घ्या. रुग्णालयातून सुटल्यावर घरी घेतलेल्या औषधांचा खर्च मात्र तिसऱ्याच खात्यात, डिस्चार्जनंतरच्या खर्चात जातो. तो होम केअर म्हणून मागू नका.

क्लेम नाकारला तर कोणत्या कलमाने नाकारला ते लेखी मागा आणि कंपनीच्या तक्रार कक्षाकडे अर्ज करा. महिन्याभरात उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. त्यांचं कार्यालय पुण्यात आहे, फी लागत नाही, वकीलही लागत नाही.

घरी गेल्यावर पॉलिसीत ही दोन्ही कलमं शोधा. नसतील तर नूतनीकरणाच्या आधी कंपनीला लेखी विचारा. आई आजारी पडल्यावर ही कलमं पॉलिसीत घालून घेता येत नाहीत.