निळा ठिपका आणि कोरा नकाशा: प्रवासाआधी डाउनलोड केलेलं ऐनवेळी का चालत नाही?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हे या भागाचं लिखित रूप. बोलण्याच्या ओघात आलेलं थोडं नीट केलंय, बाकी जसंच्या तसं.

आजचा विषय आहे ऑफलाइन नकाशे आणि भाषांचे पॅक. "त्यात काय, डाउनलोड बटण दाबायचं," असं मलाही वाटायचं. मी दिवसभर कोड लिहिणारा माणूस, घरातल्या सगळ्यांचे फोन मीच दुरुस्त करतो. त्यामुळे जे झालं ते सांगताना जरा लाजच वाटते.

काय झालं

दिवाळीच्या सुट्टीत आई-बाबांना घेऊन उडुपीहून होरनाडूला निघालो होतो. अन्नपूर्णेश्वरीचं दर्शन घ्यायचं, तिथेच प्रसादाचं जेवण करायचं, असा आईचा बेत. रस्ता कारकळ, बजगोळी, मग घाट चढून कुद्रेमुखचं जंगल आणि पुढे कळस. जंगलात रेंज नसते हे मला माहीत होतं, कारण आदल्याच वर्षी मित्रांबरोबर तिथे ट्रेक केला होता आणि तेव्हा त्या भागाचा नकाशा डाउनलोड केला होता. निघण्याआधी पुण्यात यादी उघडली, नाव दिसलं, खूश झालो.

बजगोळीला चहासाठी थांबलो आणि नेव्हिगेशन बंद केलं. घाट चढल्यावर परत ॲप उघडलं तर निळा ठिपका दिसतोय, पण त्याच्याखाली रस्ताच नाही. कोरा कागद. घाटमाथ्यावर एस. के. बॉर्डर नावाचा फाटा आहे. तिथून एक रस्ता शृंगेरीला जातो, दुसरा कुद्रेमुख-कळसला. धुकं होतं, पाऊस होता, पाटी नीट दिसली नाही आणि मी शृंगेरीच्या रस्त्याला लागलो. बारा-पंधरा किलोमीटर गेल्यावर शंका आली. तोवर आईची जेवणाची वेळ टळून गेली होती. तिला डायबेटिस आहे. ती गप्प झाली, मग हात थरथरायला लागले, घाम फुटला. शुगर खाली आली होती. खाऊची पिशवी होती डिकीत सगळ्यात खाली.

पुढे एक टपरी दिसली. टपरीवाल्या काकांना फक्त कन्नड येत होतं. मी भाषांतराचं ॲप काढलं, मराठीत लिहिलं, आणि ॲप म्हणालं इंटरनेट नाही. कन्नडचा पॅक तर मी उतरवला होता! शेवटी आईनेच "साखर, साखर" म्हटलं. साखरेला कन्नडमध्ये "सक्करे" म्हणतात. काका लगेच समजले, मूठभर साखर आणि गोड चहा आला. पंधरा-वीस मिनिटांत आई सावरली. ॲपचा उपयोग शून्य.

आता यात ॲपची चूक नव्हती. नियम सगळे लिहिलेले होते, मी वाचले नव्हते. ते एकेक करून बघू.

नकाशाला मुदत असते

गूगल मॅप्समध्ये डाउनलोड केलेला भाग कायमचा तुमचा नसतो. प्रत्येक भागाला मुदत असते. पूर्वी ती तीस दिवसांची होती. हल्ली माझ्या फोनवर नवीन भाग उतरवला की साधारण पुढच्या वर्षाची तारीख दिसते. `Offline maps` या यादीत प्रत्येक नावाखाली ती लिहिलेली असते. मुदत संपली की तो भाग वापरता येत नाही.

मग तो आपोआप अपडेट का होत नाही? होतो, पण अट आहे. मुदत संपायला पंधरा दिवस किंवा कमी उरले की ॲप स्वतः अपडेट करायचा प्रयत्न करतं, तेही फोन वायफायवर असताना. इथेच माझी गोची झाली. मी राहतो त्या फ्लॅटवर वायफाय नाही, सगळं काम मोबाइल डेटावर. ऑफिसचं वायफाय फक्त लॅपटॉपला. म्हणजे त्या पंधरा दिवसांत माझ्या फोनला वायफाय दिसलंच नाही. पुण्यात यादी बघितली तेव्हा नकाशा जिवंत होता. तो संपला शनिवारी. आम्ही घाटात होतो रविवारी.

तुमच्यापैकी किती जण रोजच्या डेटा पॅकवरच जगतात? तुमच्यासाठी "ऑटो अपडेट" चालू असणं म्हणजे काहीच नाही. एकतर त्याच्या सेटिंगमध्ये वायफायऐवजी मोबाइल डेटाची परवानगी द्या, नाहीतर निघायच्या आदल्या दिवशी हाताने अपडेट करा. आणि यादी बघताना नाव बघू नका, तारीख बघा. परतीच्या दिवसानंतरची तारीख हवी.

निळा ठिपका मग कसा दिसत होता? जीपीएसला इंटरनेट लागत नाही. फोन थेट उपग्रहांचे सिग्नल ऐकतो. रेंज असेल तर उपग्रह कुठे आहेत ही माहिती नेटवरून पटकन मिळते. नसेल तर तीही उपग्रहाकडूनच हळूहळू घ्यावी लागते, म्हणून पहिल्यांदा ठिपका यायला कधी अर्धा मिनिट, कधी काही मिनिटं लागतात. मोकळ्या आकाशाखाली थांबा, येतो. पण ठिपका म्हणजे "तुम्ही इथे आहात" एवढंच. "इथे" म्हणजे कुठे, ते नकाशा सांगतो.

जागा किती लागते

"फोनमध्ये जागाच नाही" ही नेहमीची तक्रार. म्हणून आकाराचं गणित एकदा समजून घेऊ, सोपं आहे.

समजा नकाशा म्हणजे चौकोनी चित्रं असती. एक पायरी झूम केलं की एका चित्राची चार होतात. अजून एक पायरी, सोळा. साधारण ३८ किलोमीटर बाजूचा एक चौकोन घ्या. त्यात सहा पायऱ्या आत गेलात की चारचा सहावा घात, म्हणजे ४०९६ चित्रं. एक चित्र १५ केबीचं धरलं तर फक्त त्या पायरीचे ६० एमबी. गल्ल्या नीट दिसायला अजून दोन पायऱ्या आत जा, सोळापट, म्हणजे जवळजवळ एक जीबी. सॅटेलाइट व्ह्यू ऑफलाइन मिळत नाही, त्याच्यामागचं गणित यावरून लक्षात येईल.

डाउनलोड होणारा नकाशा चित्र नसतो, यादी असते. हा रस्ता या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत, नाव हे, एकेरी आहे की दुहेरी. चित्र तुमचा फोन त्या क्षणी काढतो. त्यामुळे आकार ठरतो तो किती चौरस किलोमीटर यावर कमी, आणि तिथे किती रस्ते, दुकानं, नावं आहेत यावर जास्त. माझ्या फोनवर पुणे शहराचा चौकोन दोनशे एमबीच्या आसपास गेला, तर तेवढाच चौकोन घाटातल्या जंगलावर ठेवला तर निम्म्याहूनही कमी.

याचा व्यवहारातला अर्थ काय? जंगल, घाट, खेडी यांचा चौकोन मोकळ्या हाताने मोठा घ्या. `Select your own map` मध्ये चौकोन ओढताना खाली अंदाजे आकार दिसतो. मी पूर्वी शहराचा नकाशा घ्यायचो आणि घाटाचा चौकोन कंजूषपणे कापायचो. बरोबर उलटं. शहरात रेंज असतेच. आणि चौकोनात चुकलेला रस्ताही असला पाहिजे. कळसला जाताना शृंगेरीची बाजूसुद्धा हवी, कारण माणूस चुकतो तो तिकडेच.

एक इशारा. जागा करायला ॲपच्या माहितीत जाऊन `Clear data` किंवा `Clear storage` दाबलंत तर उतरवलेले नकाशेही जातात. आणि नवीन फोन घेतलात तर तिथे परत उतरवावे लागतात.

ऑफलाइन असताना ट्रॅफिक दिसत नाही, पर्यायी रस्ते सुचत नाहीत, आणि गूगल मॅप्समध्ये चालत जायचा रस्ताही मिळत नाही, फक्त गाडीचा. म्हणून मी आता सोबतीला ऑरगॅनिक मॅप्स ठेवतो. त्यातली माहिती ओपनस्ट्रीटमॅपची, म्हणजे स्वयंसेवकांनी भरलेली. त्याला अशी मुदत नाही. अपडेट केलं नाही तरी जुना नकाशा चालू राहतो, पायवाटांवरचा मार्गही ऑफलाइन मिळतो. तोटा हा की जुना नकाशा जुना झालाय हे तो ओरडून सांगणार नाही. नवा पूल, नवा बायपास त्यात नसेल.

भाषेचा पॅक एक नाही, दोन

आता टपरीवर काय झालं ते. गूगल ट्रान्सलेटमध्ये इंग्रजी आधीपासून असते. तुम्ही उतरवता तो पॅक म्हणजे त्या भाषेचा इंग्रजीशी पूल. मराठीतून कन्नडमध्ये ऑफलाइन जायचं तर मराठीतून इंग्रजी आणि इंग्रजीतून कन्नड, असे दोन पूल लागतात. माझ्याकडे दुसराच होता. इंग्रजीत लिहिलं असतं तर चाललं असतं, पण घाबरल्यावर ते सुचलं नाही. आणि आई एकटी असती तर तिला इंग्रजी लिहिता आलंच नसतं.

जागेचं म्हणाल तर फार नाही. २०१८ मध्ये गूगलने ऑफलाइनसाठी नवी पद्धत आणली, तुकड्यांऐवजी अख्खं वाक्य बघून भाषांतर करणारी. तेव्हा एका भाषेचा आकार ३५ ते ४५ एमबी सांगितला होता. दोन्ही मिळून एखाद्या मोठ्या व्हॉट्सॲप व्हिडिओएवढं. कंजूषी करण्यासारखं काही नाही.

मध्ये इंग्रजी असल्याचा परिणाम भाषांतरावरही होतो. काकू, मावशी, आत्या सगळ्या मधल्या टप्प्यावर "आंट" होतात. "तू" आणि "तुम्ही" एकच होतात. म्हणून वाक्य छोटं ठेवा, एका वाक्यात एकच गोष्ट. "आईला साखर हवी." झालं.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, जी मी पूर्ण विसरलो होतो. प्रश्न माझा, पण उत्तर कोणाचं? काका साखर देऊन झाल्यावर काहीतरी विचारत होते, बहुतेक कुठे जायचंय. ते मला कसं कळणार? बोललेलं ओळखण्यासाठी आवाजाचा पॅक वेगळा असतो. त्यांनी टाइप करायचं तर माझ्या कीबोर्डमध्ये कन्नड हवी, तीही आधी जोडावी लागते. शेवटी काकांनी बिलाच्या मागे पेनाने फाटा काढून दिला. त्यावरून आम्ही मागे वळलो.

आदल्या रात्रीची परीक्षा

आता मी एकच करतो. निघायच्या आदल्या रात्री फोन एअरप्लेन मोडवर टाकतो, वायफायही बंद. मग नकाशात मुक्कामाचं नाव शोधतो, रस्त्यातल्या कुठल्याही दोन गावांमधला रस्ता काढून बघतो. भाषांतरात मराठीत एक वाक्य लिहून तिकडच्या भाषेत करतो, मग उलट्या दिशेने. माइक दाबून बघतो. जे तेव्हा चालत नाही, ते घाटात चालणार नाही, आणि तेव्हा घरी नेट असतं, दुरुस्त करता येतं. दहा मिनिटं लागतात. आईच्या फोनवरही हेच करतो, कारण माझा फोन बंद पडू शकतो.

आणि हो, साखरेच्या पुड्या आता डिकीत नाहीत, पुढच्या कप्प्यात असतात.

तुमचा असा फजितीचा किस्सा असेल तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. तोवर यादी उघडा आणि तारीख बघा. भेटू!