परीक्षेची सूचना आणि तिचा उगम
(बनशंकरी, बंगळुरू येथे स्पर्धा व प्रवेश परीक्षांची तयारी करणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



१८ जून २०२४ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाची राष्ट्रीय पात्रता परीक्षा, म्हणजे यूजीसी-नेट, देशभर दोन सत्रांत पार पडली. सुमारे नऊ लाख उमेदवार तिला बसले होते. दुसऱ्याच दिवशी, १९ जूनच्या रात्री, ही परीक्षा रद्द झाल्याचे शिक्षण मंत्रालयाने जाहीर केले. प्रश्नपत्रिका परीक्षेपूर्वीच फुटल्याचे सूचित करणारी माहिती गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राकडून मिळाली होती. तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे, म्हणजे सीबीआयकडे, सोपविण्यात आला. त्यातून जे निष्पन्न झाले ते प्रत्येक परीक्षार्थीने नीट समजून घेण्याजोगे आहे.

टेलिग्रामवर फिरत असलेल्या प्रश्नपत्रिकेच्या छायाचित्रावर १७ जून ही तारीख दिसत होती. प्रत्यक्षात ते छायाचित्र १८ जूनला पहिले सत्र संपल्यानंतर, दुपारी दोनच्या सुमारास प्रसारित झाले होते. एका शालेय विद्यार्थ्याने त्यावरील तारीख बदलली होती. आपल्याकडे प्रश्नपत्रिका आधीच येते असा लोकांचा समज व्हावा आणि त्यातून पैसे मिळावेत, हा त्यामागील हेतू. जानेवारी २०२५ मध्ये सीबीआयने या प्रकरणाचा तपास बंद करण्याचा अहवाल न्यायालयात सादर केला. परंतु तोवर परीक्षा २१ ऑगस्ट ते ४ सप्टेंबर २०२४ या काळात संगणकावर नव्याने घेतली गेली होती. प्रश्नपत्रिका खरी आणि वेळ खोटी, एवढ्याच बनावाने लाखो उमेदवारांना पुन्हा परीक्षेला बसावे लागले.

वेळेचा हा खोटेपणा घडविण्याचा आणखी एक मार्ग आहे आणि त्याला तारीख खोडण्याचीही गरज पडत नाही. टेलिग्रामच्या वाहिनीवर संचालक परीक्षेच्या आदल्या दिवशी एखादा किरकोळ मजकूर किंवा चित्र टाकून ठेवतो. परीक्षा संपल्यावर खरी प्रश्नपत्रिका हाती आली की तो जुना संदेश संपादित करून त्याच्या जागी ती प्रश्नपत्रिका ठेवतो. संदेशाची मूळ वेळ तशीच राहते. बाजूला केवळ ‘edited’ ही बारीक खूण उमटते. त्या संदेशाचे छायाचित्र काढून ती खूण कापून टाकली, की पुरावा तयार! मग हीच वाहिनी पुढील परीक्षेची ‘प्रश्नपत्रिका’ विकावयास काढते. म्हणून पडद्याच्या छायाचित्रावरील वेळ हा कशाचाही पुरावा नव्हे. २०२५ च्या नीट-यूजीपूर्वी राष्ट्रीय परीक्षा संस्थेने, म्हणजे एनटीएने, असे खोटे दावे करणाऱ्या टेलिग्रामवरील १०६ आणि इन्स्टाग्रामवरील १६ वाहिन्या शोधून काढल्या होत्या.

यावरून काही विद्यार्थी असा निष्कर्ष काढतात की समाजमाध्यमांवर येणारी प्रत्येक बातमी खोटी मानावी. हाही मार्ग सुरक्षित नाही. २२ जून २०२४ च्या रात्री ‘उद्याची नीट-पीजी पुढे ढकलली’ हा संदेश भ्रमणध्वनींवर फिरू लागला. परीक्षेला काही तास उरले असताना आलेला हा संदेश अफवेसारखाच भासत होता. आणि तो खरा होता. आरोग्य मंत्रालयाने तसे जाहीर केले होते व परीक्षा नंतर ११ ऑगस्टला झाली. बातमी किती विचित्र वाटते यावरून तिचा खरेपणा ठरत नाही. ती कोणी काढली आणि मूळ ठिकाणी ती आहे काय, एवढेच पाहावयाचे असते.

हे पाहण्याची रीत साधी आहे. संदेशासोबत आलेल्या दुव्यावर बोट ठेवू नये. परीक्षेच्या माहितीपुस्तिकेत छापलेला पत्ता स्वतः टंकित करावा. यूजीसी-नेटसाठी तो ugcnet.nta.nic.in, वैद्यकीय प्रवेशाच्या केंद्रीय समुपदेशनासाठी mcc.nic.in आणि कर्नाटकातील प्रवेशांसाठी cetonline.karnataka.gov.in असा आहे. पत्ता वाचताना पहिल्या तिरक्या रेघेपूर्वीचा भाग उजवीकडून डावीकडे वाचावा, कारण मालकी शेवटच्या शब्दांवरून ठरते. gov.in व nic.in ही नावे शासकीय यंत्रणेखेरीज इतरांना मिळत नाहीत. पण nta.ac.in.example.com अशा पत्त्यात ‘nta.ac.in’ केवळ शोभेला असते. तो पत्ता example.com च्या मालकाचा. त्यानंतर सूचनेची तारीख व मजकूर मूळ संकेतस्थळावरील प्रतीशी ताडून पाहावा. नीट-पीजी घेणाऱ्या राष्ट्रीय परीक्षा मंडळाच्या सूचनांवर जुलै २०२० पासून क्यूआर संकेत असतो. तो टिपला की मंडळाच्याच संकेतस्थळावरील तीच सूचना उघडली पाहिजे. बनावट पत्रावर खरा संकेत चिकटविता येतो, हे ध्यानात घेऊन उघडलेला मजकूर व हातातील मजकूर दोन्ही वाचावेत.

आता जागा मिळवून देणाऱ्या दलालांविषयी. महाराष्ट्रातून बंगळुरूस आलेल्या, बनशंकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या स्टेजमध्ये खोली घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या पालकांना हे दलाल जून-जुलैत गाठतात. त्यांच्या बोलण्यात थोडे सत्य मिसळलेले असते आणि फसगत होते ती त्यामुळेच. खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांत व्यवस्थापनाच्या वाट्याच्या जागा खरोखरीच असतात व त्या महाविद्यालय स्वतः भरते. त्यासाठी मध्यस्थाची गरज नसते. शुल्क संस्थेच्या खात्यात भरून पावती घ्यावयाची असते. एमबीबीएसचे मात्र तसे नाही. तेथे खासगी महाविद्यालयातील व्यवस्थापन व अनिवासी भारतीय कोट्याची जागाही नीटच्या गुणवत्तेवर, समुपदेशनातूनच मिळते. ती ‘थेट’ देऊ करणारा माणूस त्याच्या हाती नसलेली वस्तू विकत असतो.

कधी दलालाकडे खरोखरीच जागा असते. पण ती कशी येते? नोव्हेंबर २०२४ मध्ये कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाने मल्लेश्वरम पोलिसांकडे तक्रार केली. ज्यांना प्रवेश घ्यावयाचाच नव्हता अशा उमेदवारांच्या खात्यांत शिरून मागणी असलेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांचे पसंतीक्रम भरले गेल्याचा संशय होता. अखेरच्या फेरीत जागा त्यांच्या नावे जाते, ते येत नाहीत, आणि रिकामी जागा महाविद्यालयाकडे परतून चढ्या दराने विकता येते. या प्रकरणात डिसेंबरमध्ये अटका झाल्या, त्यांत प्राधिकरणातील एका कंत्राटी कर्मचाऱ्याचाही समावेश होता.

म्हणून पसंतीक्रम भरून देतो म्हणणाऱ्या कोणालाही खात्याचा परवलीचा शब्द वा भ्रमणध्वनीवर आलेला ओटीपी देऊ नये. भरलेला क्रम कायम केल्यावर त्याची छापील प्रत स्वतःजवळ ठेवावी. २१ जून २०२४ पासून लागू झालेल्या सार्वजनिक परीक्षा (अनुचित मार्ग प्रतिबंध) कायद्यानुसार फसवणुकीसाठी बनावट संकेतस्थळ काढणे वा खोटे प्रवेशपत्र देणे हा तीन ते पाच वर्षे कारावासाचा गुन्हा आहे. तो केंद्रीय यंत्रणांच्या परीक्षांना लागू आहे. पैसे गेलेच, तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे. रक्कम पुढच्या खात्यात वळण्यापूर्वी बँकेला ती गोठविता येते आणि त्यासाठी हाताशी असलेला वेळ बहुधा तासांतच मोजावा लागतो. दलालाशी झालेले संदेश मात्र तक्रार नोंदविण्यापूर्वी पुसू नयेत.