आपली गृहीत-वही

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सभासदांपुढे केलेल्या भाषणाचा लिखित मजकूर)



मला 'सोसायटीची पंचवीस वर्षे' असा विषय दिला होता. मी तो बदलून मागितला. आठवणी सांगणारे इथे पुष्कळ आहेत आणि त्यांची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे. मी बोलणार आहे कमिटीच्या कपाटातल्या एका दोनशे पानी वहीबद्दल. गच्चीवरच्या सोलरच्या कामात ती वापरली. पुढच्या वर्षी लिफ्टचं काम निघेल, तेव्हा कमिटीत नवीन माणसं असतील. त्यांना ही वही नुसती दिसून उपयोग नाही, ती चालवता आली पाहिजे.

बँकेत एक 'सस्पेन्स अकाउंट' असायचं. एखादी रक्कम कुठल्या खात्याची ते त्या दिवशी कळलं नाही, तर ती तात्पुरती तिथे टाकायची. सोय चांगली, पण धोका मोठा. टाकलेली नोंद विसरली जाते. म्हणून इन्स्पेक्शनला आलेला साहेब सस्पेन्सची यादी मागायचा, तीही जुनी नोंद वर अशा क्रमाने. नोंदी किती यापेक्षा त्या किती दिवस पडून आहेत, हे तो बघायचा. सोसायटीच्या कामातही असंच असतं. बैठकीत कोणीतरी म्हणतं, "ते होऊन जाईल हो." ती एक सस्पेन्स एंट्रीच. फक्त ती कुठे लिहिलेली नसते.

मोठं उदाहरण आपल्या दाराशी आहे. गुळवंच-मुसळगावच्या बाजूला औष्णिक वीज प्रकल्प उभा आहे. प्रत्येकी २७० मेगावॉटचे पाच संच, एकूण १३५० मेगावॉट. चिमण्या आपल्या गच्चीवरून दिसतात. संच बांधून झाले, पण कोळसा आणणारा रेल्वेमार्ग पूर्ण व्हायचा होता, त्याच्या जमिनीचा प्रश्न होता, आणि वीज कोण विकत घेणार हेही पक्कं नव्हतं. प्रकल्प वर्षानुवर्षं बंद राहिला आणि २०२२ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला. रेल्वे लागते, गिऱ्हाईक लागतं, हे काही कोणाला नवीन नव्हतं. पण कर्जाच्या कामात एवढी वर्षं घालवलेल्या माणसाच्या मनात एकच विचार येतो: या दोन प्रश्नांची उत्तरं कितव्या संचाच्या आधी हातात यायला हवी होती? प्रश्न माहीत असणं वेगळं, आणि तो एखाद्या कामाच्या दारात आडवा बसवणं वेगळं.

आता आपली वही. डाव्या पानावर कामं, क्रमांक घालून. सोलरची पाच कामं होती: गच्चीची दुरुस्ती, वीज जोडणीची कागदपत्रं, अर्ज, ॲडव्हान्स आणि जोडणी, आणि शेवटी नवीन मीटर. उजव्या पानावर दोन प्रकारच्या नोंदी. 'गृ' म्हणजे गृहीत, जे आपण खरं मानून चाललो आहोत पण तपासलेलं नाही. 'प्र' म्हणजे प्रश्न, ज्याचं उत्तर माहीतच नाही. प्रत्येक नोंदीपुढे चार गोष्टी: कोण उत्तर आणणार, कुठल्या कामाच्या आधी हवं, उत्तर मिळायला किती दिवस लागतात, आणि उत्तर कशावर मिळालं. डाव्या पानावर त्या कामाच्या समासात नोंदीचा क्रमांक लाल शाईने. समासात लाल आकडा न खोडलेला असेल तर त्या कामाच्या चेकवर सही नाही. एवढाच नियम.

पहिली नोंद अगदी निरुपद्रवी वाटत होती. गृ-१: कॉमन मीटर सोसायटीच्या नावावर आहे. बिल दर महिन्याला आपण भरतो, मग नाव आपलंच असणार ना? बिल काढून पाहिलं तर त्यावर अजून मूळ बांधकाम व्यावसायिकाचं नाव. पंचवीस वर्षं आपण दुसऱ्याच्या नावाचं बिल भरतोय आणि कोणी वर बघितलंच नाही, सगळे थेट रकमेकडे! पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी एका किलोवॉटला १८,००० रुपये अनुदान आहे. आपल्या दहा किलोवॉटला १,८०,००० झाले. अर्ज ग्राहक क्रमांकावर होतो, आणि अनुदान यायचं सोसायटीच्या बँक खात्यात. दोन ठिकाणी दोन नावं असती, तर पॅनेल गच्चीवर बसल्यावर आपण कागद घेऊन फिरत राहिलो असतो.

इथे 'किती दिवस लागतात' हा रकाना कामाला आला. अर्ज १ मे रोजी करायचा असं ठरलं होतं. नावातल्या बदलाला नोंदणी प्रमाणपत्र, कमिटीचा ठराव, जुनी कागदपत्रं, असं सगळं धरून आपण सहा आठवडे मोजले. १ मे मधून बेचाळीस दिवस मागे गेलो की २० मार्च. म्हणजे एक मेची अडचण वीस मार्चला सुरू होते. वहीत तारीख लिहायची ती ही, मागे मोजलेली. आपण सगळे कामाची तारीख लिहितो आणि तिच्या आदल्या आठवड्यात जागे होतो. आणि कामाची तारीख पुढे-मागे झाली, तर तिच्यावर टांगलेले सगळे प्रश्नही तेवढेच सरकवायचे. प्रश्न कामाशी जोडलेला असला की हे आपोआप लक्षात येतं. नुसता कॅलेंडरवर लिहिलेला असला तर तो जुन्याच तारखेला बसून राहतो.

दुसरी नोंद होती मंजूर भाराची. बिलावर 'मंजूर भार' असा आकडा छापलेला असतो. एका पुरवठादाराने बारा किलोवॉटचं कोटेशन दिलं होतं आणि "लोडचं काही टेन्शन नाही" असं तोंडी सांगितलं होतं. आपला मंजूर भार त्याहून बराच कमी. प्र-२ म्हणून लिहिलं: बारा किलोवॉटला भार वाढवावा लागेल का, आणि कोणी? उत्तर कागदावर आणायचं होतं. ते असं निघालं. ग्राहक हक्क नियमांत २०२४ साली दुरुस्ती झाली आहे. दहा किलोवॉटपर्यंतचा अर्ज पूर्ण असेल तर तो तांत्रिक तपासणीशिवाय मंजूर मानला जातो, आणि लागेल तेवढा भार वाढवण्याचं काम वितरण कंपनीच करते. दहाच्या वर गेलात की तपासणी आली. आपल्या लिफ्ट, पंप आणि जिन्याचे दिवे मिळून महिन्याला अकराशे युनिटच्या आसपास लागतात. एक किलोवॉटला दिवसाला साधारण चार युनिट धरली, तर दहा किलोवॉट महिन्याला बाराशे देतात. म्हणजे बाराची गरजच नव्हती. प्रश्न भाराचा होता, उत्तराने क्षमताच ठरवली. कोटेशन पास झाल्यावर हे विचारलं असतं तर कोणीच आनंदाने बदललं नसतं.

तिसरी नोंद माझ्या मते सगळ्यांत शिकण्यासारखी, आणि तिचं श्रेय आपल्या प्लंबरला. प्र-५: पॅनेलचे खांब स्लॅबमध्ये भोकं पाडून बसवणार की काँक्रीटचे ठोकळे करून त्यावर? मी ही नोंद काम क्रमांक चार, म्हणजे जोडणीपुढे टाकायला सांगितली. खांब तेव्हा बसणार, बरोबर आहे. त्याच सुमारास प्लंबर टाकीचा व्हॉल्व्ह बघायला आला होता. तो म्हणाला, "काका, तुम्ही आधी वॉटरप्रूफिंग करणार आणि मग त्यालाच भोकं पाडणार का?" आपला ब्रिकबॅट कोबा पंचवीस वर्षांचा. वरच्या मजल्यावर पावसाळ्यात ओल येतेच. ठोकळे ओतायचे असतील तर ते आधी ओतून, त्यांच्या कडेने गोलाई करून, मग वरून वॉटरप्रूफिंग न्यायला हवं. उलट केलं तर पहिल्याच पावसात वरच्या मजल्यावरच्या वहिनी बादली घेऊन कमिटीच्या दारात.

म्हणून प्र-५ काम चारवरून काम एकवर आणला. खांबांचं ड्रॉइंग यायला तीन आठवडे, गच्चीचं काम १५ एप्रिलला सुरू, म्हणजे पुरवठादाराकडे ड्रॉइंग २५ मार्चपर्यंत मागितलं पाहिजे. तेव्हापासून नोंद करताना आपण असं विचारतो: याचं उत्तर चुकलं तर कुठलं काम परत उखडावं लागेल? त्यातलं सगळ्यांत पहिलं जे काम, त्याच्या समासात लाल आकडा. प्रश्न ज्या कामामुळे सुचला, ते काम बहुतेक वेळा फार उशिराचं असतं.

वही बिघडते कशी, तेही सांगतो. 'कोण उत्तर आणणार' या रकान्यात 'कमिटी' असं लिहिलं की ती नोंद मेली. एकच नाव हवं. 'फोनवर हो म्हणाले' हे उत्तर नाही. तारीख घालून लिहावं, पण लाल आकडा खोडू नये. अनुदानासाठी पॅनेलमधले सेलसुद्धा भारतात बनलेले लागतात. पुरवठादार फोनवर 'हो हो, इंडियनच' म्हणाला, आणि कोटेशनमध्ये फक्त 'पॅनेल' एवढंच होतं. आपण नवीन कोटेशन मागवलं. शिवाय सुटलेला प्रश्न पुन्हा उघडू शकतो. कोटेशनची मुदत तीस दिवस असते. काम दोन महिने लांबलं तर तो भाव परत 'गृ' झाला.

दुसरा बिघाड म्हणजे उत्साह. एका बैठकीत बेचाळीस नोंदी झाल्या होत्या. त्यात 'पॅनेलवर माकडं आली तर' हीही होती. आम्ही चाळणी लावली. खोटं ठरलं तर पैसे, पावसाळा किंवा परवानगी यांतलं काही जाणार आहे का? नसेल तर नोंद नको. सतरा उरल्या. माकडं गेली. धुळीची नोंद मात्र राहिली. सिन्नरची उन्हाळ्यातली धूळ आणि उन्हाळ्यातलंच पाणी, दोन्ही तुम्हाला माहीत आहेत. पॅनेल कोण धुणार आणि कुठल्या पाण्याने, याचं उत्तर ठरल्यावरच गच्चीवर वेगळा नळ घेतला, तोही वॉटरप्रूफिंगच्या आधी.

आणि जे कोणालाच सुचलं नाही, ते वहीत येत नाही. त्याला एकच इलाज आम्हाला सापडला. यादी झाली की ती कमिटीबाहेरच्या तिघांना वाचून दाखवायची: ज्याच्या हाताला काम माहीत आहे तो, ज्याच्या घरावर परिणाम होणार आहे तो, आणि वॉचमन. गच्चीची किल्ली कोणाकोणाकडे आहे, हे वॉचमननेच सांगितलं. पाच निघाल्या, कमिटीला दोनच माहीत होत्या.

दर शनिवारच्या बैठकीची पहिली दहा मिनिटं या वहीला. वाचायचं सगळं नाही. येत्या तीन आठवड्यांत ज्यांची मागे मोजलेली तारीख येते, तेवढंच, जुनी नोंद आधी. सेक्रेटरींनी आता हे कॉम्प्युटरवर घेतलं आहे. तारखा तिथे आपोआप मागे मोजल्या जातात. मी हट्टाने वहीही चालू ठेवली आहे, लाल शाईसाठी.

लिफ्टच्या कामाचं पान परवाच उघडलं. गृ-१ असं आहे: नवीन लिफ्टची केबिन जुन्या खड्ड्यात बसते. पुढचा रकाना, कोण मोजून आणणार, अजून कोरा आहे. जेवणाआधी कोणीतरी मला येऊन नाव सांगा. पेन माझ्या खिशात आहे.