फरक किती आला?

(सहकारी बँकेच्या एका शाखेत झालेल्या निरोप समारंभातलं भाषण)



चाचा ३६ वर्षं या बँकेत क्लार्क होते. बढतीची परीक्षा त्यांनी एकदाही दिली नाही. का, म्हणून मी विचारलं तर "बदली होते" एवढंच म्हणाले.

मी लागलो तेव्हा हाताने लिहायची लेजरं होती. महिनाअखेरीला प्रत्येक बचत खात्याची शिल्लक कागदावर उतरवायची, बेरीज मारायची आणि ती जनरल लेजरच्या आकड्याशी जुळवायची. पहिल्याच महिन्यात माझी बेरीज २७० रुपयांनी जास्त आली. मी रात्री आठपर्यंत पुन्हा पुन्हा बेरीज करत बसलो. चाचा सायकलला कुलूप लावून परत आत आले. "फरक किती आला?" मी सांगितलं. "नऊने भाग जातो का बघ."

गेला. तीस आले. मग त्यांनी समजावलं: फरकाला नऊने भाग गेला तर बहुतेक दोन आकडे उलटे लिहिलेले असतात. भागाकार तीस आला, म्हणजे उलटापालट शतक आणि दशक या घरांत आहे, आणि त्या दोन आकड्यांत तीनचं अंतर आहे. बेरीज जास्त आली, म्हणजे मोठा आकडा चुकून पुढे गेलाय. सगळी यादी तपासायची गरज नाही, फक्त असे आकडे बघ. दहा मिनिटांत सापडलं. लेजरात १,५८० होते, मी १,८५० उतरवले होते.

ही युक्ती मी नंतर अनेकांना शिकवली. पण तिची मर्यादाही चाचांनी त्याच रात्री सांगितली होती. दोन चुका एकत्र झाल्या तर ती फसते. आणि एका चुकीत फरक येतच नाही: रक्कम बरोबर, खातं चुकीचं. बेरीज चोख जुळते आणि पैसे दुसऱ्याच्या नावावर.

तेही मी करून दाखवलं. आपल्या गावात एकाच नावाचे, एकाच आडनावाचे किती लोक आहेत हे तुम्हाला सांगायला नको. मी तीन हजार रुपये एकाऐवजी दुसऱ्याच्या खात्यावर जमा केले. चाचांनी दुसऱ्या दिवशी स्लिपा चाळताना पकडलं. स्लिपेवर उर्दूत सही होती आणि ज्याच्या खात्यावर मी रक्कम टाकली तो माणूस अंगठा देणारा होता. म्हणूनच चाचा लेजरच्या पानावर पेन्सिलने वडिलांचं नाव आणि गल्ली लिहून ठेवायचे.

बँक संगणकावर गेली तेव्हा ती पेन्सिल मागेच राहिली. कंत्राटावरच्या मुलांनी मराठी नावं इंग्रजीत टाकली, जशी ऐकू आली तशी. एकाच घरात तीन स्पेलिंगं झाली. पासबुकावर 'बी', आधारवर 'बेगम'. तेव्हा शाखेत कुणाला ते फारसं महत्त्वाचं वाटलं नाही. मलाही नाही, हे कबूल करतो.

गेल्या वर्षी एक बाई नवऱ्याचं जुनं पासबुक घेऊन आल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. काउंटरवरच्या मुलाने नाव टाकलं, "असं खातंच नाही" म्हणाला. त्या निघाल्याच होत्या. चाचांनी पासबुकावरचा लेजरचा पान क्रमांक पाहिला, माळ्यावरून जुनं लेजर काढलं, आणि तिथून संगणकातलं खातं मिळालं, वेगळ्याच स्पेलिंगखाली. दहा वर्षं व्यवहार नसल्यामुळे शिल्लक रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत गेली होती. ही योजना २०१४ ची. पण तिथे गेलेले पैसे बुडत नाहीत. दावा पटला की बँक आधी हक्कदाराला देते आणि मग निधीकडून परत मागते. खातं उघडण्याच्या फॉर्मवर त्या बाईंचं नाव नॉमिनी म्हणून होतं, त्यामुळे मृत्यूचा दाखला आणि ओळखीच्या कागदांवर काम झालं. पैसे देताना चाचांनी त्यांना बाजूला बसवून सांगितलं, "बहन, नॉमिनी म्हणजे पैसे घेणारी. यात मुलांचाही हिस्सा आहे, तो वेगळा काढून ठेवा."

चाचा, माळ्यावरच्या लेजरांची तुम्ही बनवलेली वही काल माझ्या टेबलावर ठेवून गेलात. गल्लीवार नावं आहेत, पुढे पान क्रमांक. पिंजारी गल्लीची दोन पानं पाण्याने पुसली आहेत. सोमवारी अकरा वाजता चहाला या आणि ती सांगा, मी लिहून घेतो. या वेळी पेनाने.