दोन शब्द बोला!

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सभासदांसमोर केलेले भाषण)



पत्रिकेत नाव असलेला वक्ता कागद लिहून आणतो. पंचाईत होते ती प्रेक्षकांत निवांत बसलेल्याची. अचानक कोणी म्हणतं, ‘तुम्हीपण दोन शब्द बोला’, आणि माइक हातात येतो.

माझ्यावर ही वेळ एका शोकसभेत आली. आमच्या मजल्यावरचे काका गेले होते. मी उभा राहिलो, ‘काय बोलणार, फार चांगले होते’ एवढं म्हणालो आणि बसलो. आठवड्याने काकू जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, ‘तुम्ही रोज त्यांच्याबरोबर फिरायला जायचात. मला वाटलं, तुम्ही काहीतरी सांगाल.’ त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

नंतर विचार केला तेव्हा कळलं, की मला आठवणींची कमतरता नव्हती. उलट एकदम दहा आठवत होत्या. काय सांगू आणि कुठून सुरू करू, हे दोन्ही एकाच वेळी ठरवायला गेलो की डोकं बंद पडतं. म्हणून क्रम आधीच पक्का करून ठेवायचा: काल, आज, उद्या. मग खुर्चीपासून माइकपर्यंत जाताना फक्त तीन गोष्टी निवडायच्या.

आपल्या वॉचमनकाकांचा निरोप आठवतोय? सेक्रेटरींनी ऐनवेळी मला उठवलं. मी आधी शेवटचं वाक्य ठरवलं, कारण शेवट माहीत नसला की माणूस ‘आणि हो, अजून एक सांगायचं राहिलं’ करत भरकटतो. मग बोललो ते असं:

‘२६ जुलै २००५ ला कंपाउंडमध्ये पाणी चढायला लागलं, तेव्हा काकांनी आधी मेन स्विच बंद केला आणि मग तळमजल्यावरच्या आजींना उचलून वर नेलं. मी जिन्यात बॅटरी धरून उभा होतो. आज ते गावी निघालेत. उद्या सकाळी गेटवर आपल्या मुलांना नावाने हाक मारणारं कोणी नसेल. काका, गणपतीला या. उतरायला माझं घर आहे.’

झालं. मिनिटभरसुद्धा लागलं नाही.

यात ‘काल’ म्हणजे त्यांचं चरित्र नव्हे. आपण डोळ्यांनी पाहिलेला एकच प्रसंग घ्यायचा. ‘ते फार कष्टाळू होते’ हे कोणीही म्हणेल. मेन स्विच फक्त मी पाहिला होता. ‘आज’ म्हणजे आपण इथे का जमलोय आणि काय बदलतंय, एवढंच. इथे बरेच जण मान्यवरांची नावं घेत सुटतात, एक नाव राहतं आणि तेच रुसतं. ‘उद्या’मध्ये आपल्या हातात आहे तेवढंच बोलायचं. कमिटीच्या वतीने परस्पर आश्वासन दिलं, तर पुढच्या मीटिंगमध्ये हिशेब द्यावा लागतो!

सगळ्यात मोठा धोका ‘काल’चाच. आठवणी गोड असतात, एकीतून दुसरी निघते. लोक घड्याळ बघायला लागले, की समजा आपण तिथेच रुतलो. मग प्रसंग अर्धा राहिला तरी चालेल, ‘पण आज...’ म्हणून सरळ पुढे यायचं.

नवीन राहायला आलेले म्हणतील, आमच्याकडे जुनं काही नाही. तर तुमचा या बिल्डिंगमधला पहिला दिवस सांगा. पहिला चहा कोणी दिला, ते सांगा. तोही ‘काल’च आहे.

हाच क्रम सभेतही चालतो. ‘गळतीबद्दल बोला’ म्हटलं, तर कधीपासून आहे, आत्ता कुठवर आली आहे आणि पुढे काय करावं, इतकं सांगून बसायचं. पण कोणी हिशेबातला एखादा आकडा विचारला, तर आकडाच सांगावा. तिथे कालपासून सुरुवात केली तर लोकांना वाटेल, आपण उत्तर टाळतोय.

शोकसभेत मात्र ‘उद्या’ जपून. ‘काळ हेच औषध’ वगैरे ज्याचं माणूस गेलंय त्याला सांगू नये. आपण स्वतः काय करणार, ते साधं सांगावं.

आता माझं त्या दिवशी राहिलेलं बोलून घेतो. काकू समोर बसल्या आहेत.

काका फिरताना कोपऱ्यावरच्या कुत्र्यासाठी खिशात दोन बिस्किटं ठेवायचे आणि ‘घरी सांगू नका, ती माझ्या चहाबरोबरची आहेत’ म्हणायचे. आज मी एकटा फिरतो, पण ते कुत्रं अजून माझ्यामागे बघत राहतं. काकू, उद्यापासून दोन बिस्किटं मी नेईन.

नमस्कार.