९ टक्क्यांचं कर्ज १२ टक्क्यांपेक्षा महाग कसं पडतं?

आजचा भाग एका श्रोत्याच्या व्हॉइस नोटमुळे करतोय. नाशिकचा मुलगा आहे, पहिली नोकरी, पहिली बाईक. तो म्हणतो, "दादा, १ लाख २० हजारांचं कर्ज घ्यायचंय, दोन वर्षांसाठी. बँक १२ टक्के म्हणतेय. शोरूममध्ये फायनान्सवाला बसतो, तो म्हणतो ९ टक्के फ्लॅट, आणि कागदपत्रं अर्ध्या तासात. शोरूमचंच घेऊ ना?"

ऐकायला सोपा प्रश्न आहे. ९ हे १२ पेक्षा कमी, विषय संपला. पण इथे दोघंही 'टक्के' म्हणतायत आणि दोघांचे टक्के वेगवेगळ्या रकमेवर लागतायत. आता हेच हिशोब मांडून बघू.

आधी शोरूमवाल्याचा फ्लॅट रेट. १ लाख २० हजारांचे ९ टक्के म्हणजे वर्षाला १०,८०० रुपये. दोन वर्षांचे २१,६००. हे मुद्दलात मिळवले की झाले १,४१,६००. त्याला २४ ने भागा, हप्ता आला ५,९०० रुपये. गणित इतकं सोपं की तो मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर तुमच्यासमोर करून दाखवतो. त्यात खोटं काहीच नाही.

मग गडबड कुठे आहे? त्या २१,६०० रुपयांचे महिन्याला ९०० होतात. पहिल्या महिन्यात तुमच्याकडे त्यांचे पूर्ण १ लाख २० हजार असतात, व्याज ९००. वर्ष झालं, तुम्ही १२ हप्ते भरले, जवळपास अर्धं मुद्दल परत गेलं. तरी व्याज ९००. शेवटच्या महिन्यात तुमच्याकडे त्यांचे जेमतेम पाच-साडेपाच हजार उरलेत. तरीही व्याज ९००! म्हणजे दोन खोल्या भाड्याने घेतल्या, वर्षभराने एक खोली परत केली, पण भाडं मात्र शेवटपर्यंत दोन्ही खोल्यांचं भरताय.

आता बँकेचे १२ टक्के. हा रिड्यूसिंग बॅलन्स, म्हणजे दर महिन्याला जेवढं मुद्दल शिल्लक असेल तेवढ्यावरच व्याज. १२ टक्के वर्षाला, म्हणजे महिन्याला १ टक्का. इथे हप्ता येतो ५,६४९ रुपये. पहिल्या महिन्यात व्याज १,२००, आणि उरलेले ४,४४९ मुद्दलात जातात. पुढच्या महिन्यात व्याज लागतं १,१५,५५१ रुपयांवर, म्हणून ते १,१५६ होतं. असं उतरत उतरत तेराव्या महिन्यात ते ६३६ वर येतं, आणि शेवटच्या हप्त्यात फक्त ५६ रुपये.

सुरुवातीला बँकेचं व्याज जास्त दिसतं हे लक्षात घ्या, १,२०० विरुद्ध ९००. पण बँकेचं उतरतं, शोरूमचं जागचं हलत नाही. दोन वर्षांची बेरीज केली तर बँकेचं व्याज होतं सुमारे १५,५७२, आणि शोरूमचं २१,६००. म्हणजे '९ टक्के'वालं कर्ज '१२ टक्के'वाल्यापेक्षा ६,००० रुपयांनी महाग. दोन चांगली हेल्मेटं आणि वर्षभराचं सर्व्हिसिंग सहज होईल यात.

मग शोरूमचे ९ टक्के बँकेच्या भाषेत किती? हे काढायला फायनान्सची डिग्री लागत नाही. फोनवर कुठलीही स्प्रेडशीट उघडा आणि एका चौकटीत हे टाका:

```
=RATE(24,-5900,120000)*12
```

यात २४ म्हणजे हप्त्यांची संख्या, ५,९०० म्हणजे हप्ता, आणि १,२०,००० म्हणजे हातात आलेली रक्कम. हप्त्याच्या आधी वजा चिन्ह विसरू नका. तो पैसा तुमच्याकडून बाहेर जातोय, आणि चिन्ह राहिलं तर एरर येते. उत्तर येतं ०.१६४ च्या आसपास, म्हणजे १६.४ टक्के. आता तुलना नीट झाली: १२ विरुद्ध १६.४.

शोरूममध्ये उभे असाल, स्प्रेडशीट उघडायला वेळ नसेल, तर एक ढोबळ हिशोब सांगतो. एक ते तीन वर्षांच्या कर्जाला साधारण ९ टक्क्यांच्या आसपासच्या फ्लॅट दराला १.८ ने गुणा. ९ गुणिले १.८ म्हणजे १६.२. अंदाजासाठी पुरेसं आहे, सही करण्यासाठी नाही.

सही करण्यासाठी का नाही? कारण अजून प्रोसेसिंग फी बाकी आहे. समजा त्यांनी २ टक्के फी लावली, म्हणजे २,४०० रुपये, आणि ती कर्जातूनच कापली. तुमच्या हातात आले १,१७,६००, पण हप्ता तोच ५,९००. वरच्या सूत्रात १२०००० च्या जागी ११७६०० टाकून बघा. दर जातो १८.५ टक्क्यांवर. '९ टक्के' म्हणून निघालेली गाडी कुठे पोचली बघा!

आणखी एक ठिकाण आहे जिथे लोक अडकतात. वर्षभराने बोनस आला, कर्ज एकरकमी मिटवायचं ठरवलं. तुम्ही मनात म्हणता, १२ हप्ते झाले, अर्धं मुद्दल फिटलं, ६०,००० भरायचे. ते सांगतात सुमारे ६४,९००, वर फोरक्लोजरचा चार्ज वेगळा. फसवलं का? नाही. बोलताना दर फ्लॅट सांगितला, तरी खात्यातला हिशोब साधारणपणे त्या १६.४ टक्क्यांच्या रिड्यूसिंगनेच चालतो. त्यात पहिल्या हप्त्यातले सुमारे १,६४३ रुपये व्याजात जातात. म्हणजे सुरुवातीच्या हप्त्यांतून मुद्दल कमीच फिटतं.

आता कामाची गोष्ट. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२४ मध्ये परिपत्रक काढलं. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या नव्या किरकोळ मुदत कर्जांसाठी बँक असो की एनबीएफसी, त्यांनी तुम्हाला की फॅक्ट स्टेटमेंट, म्हणजे केएफएस, द्यायलाच हवं. तेही तुम्हाला समजणाऱ्या भाषेत. त्यात एपीआर लिहिलेला असतो, म्हणजे व्याज आणि फी वगैरे धरून कर्जाचा वर्षाचा खरा दर. सोबत महिन्यागणिक परतफेडीचा तक्ताही असतो. केएफएसमध्ये नसलेला चार्ज तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही.

म्हणून फायनान्सवाल्याशी "फ्लॅट का रिड्यूसिंग" यावर वाद घालत बसू नका. एवढंच म्हणा, "दादा, केएफएस दाखवा, एपीआर किती आहे?" बँकेलाही तेच विचारा. तिची पण फी असतेच. दोन एपीआर शेजारी शेजारी ठेवा. रक्कम आणि मुदत सारखी असेल, तर ज्याचा एपीआर कमी, ते कर्ज स्वस्त.

तर नाशिककर मित्रा, फी सोडून बघितलं तर तुझी बँक महिन्याला २५१ रुपयांनी स्वस्त आहे. शोरूमचं कर्ज अर्ध्या तासात मिळतं हे खरं, आणि तुला घाई असेल तर तो निर्णय तुझा. पण मग त्या घाईची किंमत ६,००० रुपये आहे, हे माहीत असताना सही कर.

तुमच्याकडे असा एखादा कोट आला असेल, तर हातात येणारी रक्कम, हप्ता आणि महिने एवढंच व्हॉइस नोटमध्ये पाठवा. पुढच्या भागात दोन-तीन सोडवून बघू. भेटूया!